कापड कापायच्या आधी त्याचं फिनिश कसं तपासायचं

दुकानात कापड चोळून बघा म्हणजे सगळं कळतं, असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. नव्या कापडावर खळ आणि सॉफ्टनर असतो, त्यामुळे हाताला लागतो तो खरा पोत नसतोच. एक तुकडा धुवा, तोच सांगेल.

पूर्ण पन्ह्याचा ६० सेंमी लांब तुकडा घ्या. मधोमध ५० सेंमी अंतरावर दोन खुणा, उभ्या धाग्याच्या दिशेने आणि तशाच आडव्याही. खुणा पेनाने करू नका, धुण्यात जातात. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एकेक सैल टाका घाला, घट्ट घातलात तर तिथेच चुणी पडते आणि माप बिघडतं. किनारीजवळ मोजू नका, तिथली वीण वेगळी असते.

मग कपडे धुता तसंच धुवा, वाळवा.

आता मोजणं, आणि सगळा घोळ इथेच होतो. माझेही आकडे बरेच दिवस जुळायचे नाहीत, कारण इस्त्री. सुरकुत्या काढताना आपण नकळत इस्त्री पुढे ओढतो आणि आटलेलं कापड परत लांब होतं, मग वाटतं वा, आटलंच नाही! इस्त्री फक्त उचलून दाबायची, सरकवायची नाही. ओलसर असताना मोजायचं नाही. आणि एका धुण्यावर थांबू नका, तीनदा धुवा, कारण बरंचसं सुती कापड दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही थोडं आटतं.

समजा उभ्या दिशेला ५० चे ४८.५ झाले, म्हणजे ३ टक्के. ७५ सेंमी लांबीचा शर्ट सव्वादोन सेंमीने आखूड होणार. नीट सॅनफोराइज केलेलं कापड साधारण १ टक्क्याच्या आत राहतं, म्हणजे ४९.५ च्या खाली जायला नको. त्यात रबरी पट्ट्यावर ओलसर कापड उभ्या दिशेने आधीच दाबून आखूड केलेलं असतं, म्हणून ते थोडं भरीवही लागतं. ४८.५ आलं तर शिक्का काहीही म्हणो, आख्खं कापड धुऊनच कापा.

त्याच तुकड्याची चमक न धुतलेल्या कापडाशेजारी ठेवून बघा. मर्सराइज्ड सुताची चमक टिकते, कारण ती वरून दिलेली नसते. कॉस्टिक सोड्यात ताणून धरल्यावर चपटा, पिळलेला तंतू फुगून गोल होतो आणि उजेड एकसारखा परतवतो. रंगही त्यात जास्त गडद बसतो. धुतल्यावर मंद पडली तर ती नुसती रोलरने दाबून आणलेली चमक होती.

ब्रश केलेलं कापड असेल तर हात दोन्हीकडून फिरवा, लव एका बाजूने बसते, दुसऱ्या बाजूने उठते आणि रंगही बदललेला दिसतो. सगळे भाग एकाच दिशेने कापा. ही लव तारांच्या रोलरने बहुतेक आडव्या धाग्यातूनच ओढून काढलेली असते, त्यामुळे ते धागे कमजोर झालेले असतात. धुतलेल्या तुकड्यावर आत्ताच गोळे दिसत असतील तर त्याची पँट शिवू नका, मांड्यांशी आधी विरेल.