मुंबई ते न्यूयॉर्क, सोबत दीड वर्षाचे बाळ: खाण्याचा डबा कसा भरावा

मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान साधारण १६ तास उडते. विमानतळावरचे आधीचे ३ तास आणि उतरल्यावरची इमिग्रेशनची रांग धरली, तर बाळाला २० तासांहून जास्त पुरेल एवढे खाणे हाताशी लागते. कंपनीला निदान २४ तास आधी सांगितले तर बाळाचे जेवण मिळू शकते, पण भरवसा आपल्याच डब्यावर ठेवावा.

१. दहीभात, खिमट घरीच भरवून निघा. असे ओले अन्न उकाड्यात दोन तासांपलीकडे सुरक्षित राहत नाही.

२. मुख्य खाणे म्हणून दशम्या घ्या. कणीक दुधात मळा, चवीपुरता गूळ आणि तूप घाला. भाजून झाल्या की जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. गरम डब्यात कोंबल्या तर वाफेचे पाणी सुटते आणि दशमी चिकट होऊन आंबते. तसा वास आला तर सरळ टाकून द्या.

३. गरम खाण्यासाठी ज्वारीच्या लाह्यांचे पीठ. नाचणीचे सत्त्व शिजवावे लागते, विमानात ती सोय नाही. लाह्यांचे पीठ गरम पाण्यात लगेच कालवता येते. तीन मोठे चमचे पीठ, एक चमचा दूध पावडर, थोडी गुळाची पूड अशा चार पुड्या करा. कर्मचारी देतात ते पाणी फार कडकडीत असते, तेव्हा मनगटावर थेंब टाकून पाहा. अमेरिकेला जाताना ३५० मिलीहून जास्त पावडर हातातल्या सामानात असेल तर वेगळी तपासणी होऊ शकते. चार पुड्या त्याच्या आतच बसतात.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र देऊ नका. विमान हादरले तर घशात अडकतात. द्राक्षे उभी चिरून द्या.

४. सुरक्षा तपासणीत १०० मिलीचा नियम पाणी, तूप, दही सगळ्यांना लागतो. बाळाचे दूध आणि खाणे प्रवासापुरते असेल तर सवलत मिळते, पण ते वेगळ्या पिशवीत ठेवून आधी सांगावे लागते. चाखून दाखवायलाही सांगतात. सुक्या खोबऱ्याची वाटी कुठल्याच बॅगेत नको. त्यात तेल फार असल्याने ती पेट घेऊ शकते म्हणून अडवतात. दुबईमार्गे जात असाल तर डिंकाच्या लाडवांत खसखस घालू नका, अमिरातीत तिच्यावर बंदी आहे.

५. विमान उतरू लागले की बाळाला जागे ठेवून घोट घोट पाणी पाजा. गिळल्याने कानांतले दडे सुटतात.

६. उरलेली केळी, सफरचंदाच्या फोडी विमानातच संपवा किंवा टाकून द्या. ताजी फळे आणि मांसाचे पदार्थ अमेरिकेत बहुधा आत नेऊ देत नाहीत. दशम्या, पुड्या उरल्या असतील तर कस्टम्सला ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असे सांगून टाका. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेल्या एका सफरचंदापायी शेकडो डॉलर दंड होऊ शकतो.