तेरीज जुळली, तरी नफा चुकला: हिशेबातल्या या चुका टाळा

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या एका भुसार पेढीचे जुने दिवाणजी मार्च 2025 मध्ये वर्षअखेरीसाठी खाती चाळत होते. एका डाळ मिलच्या खात्यावर 2,16,000 रुपये वर्षभर तसेच जमा दिसत होते. ते म्हणाले, “शेठ, दोन लाखांसाठी मिलवाला वर्षभर फोनसुद्धा करत नाही, हे काही पटत नाही.”

मिलकडून खातेउतारा मागवला, तर त्यांच्याकडे बाकी शून्य. मग एकेक नोंद ताडून पाहिली. हरभरा डाळीची 50 किलोची 60 पोती, भाव 7,200 रुपये क्विंटल. हा माल 28 मार्च 2024 ला बिल्टीवरून, म्हणजे वाहतूकदाराच्या पावतीवरून, खरेदीला घेतला होता आणि बिल नंबरच्या जागी बिल्टीचा नंबर टाकला होता. 31 तारखेला मूळ बिल हाती आलं आणि तेही चढवलं. नंबर वेगळे, त्यामुळे संगणकानेही हटकलं नाही.

तेरजेवर विसंबणे

दोन्ही वेळा खरेदी नावे आणि मिल जमा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच फुगल्या. तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींची यादी; ती जुळणारच. शिल्लक माल मात्र गोदामात पोती मोजून धरला होता. खरेदी वाढली, माल वाढला नाही. त्यामुळे 8,56,000 चा नफा 6,40,000 दाखवला गेला. शिल्लक संगणकावरून उचलली असती, तर नसलेली 60 पोतीही तिच्यात आली असती आणि नफा बरोबर दिसला असता. ते जास्त घातक, कारण मग चूक गुपचूप पुढच्या वर्षात सरकते.

या पोत्यांवर जीएसटी नव्हता. कराचा माल असता, तर विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या GSTR-2B या यादीत एकच बिल दिसून चूक तेव्हाच सापडली असती. करमुक्त मालाला तो आधार नाही, म्हणून मार्चअखेर प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याचा उतारा मागवून ताडायलाच हवा.

जुनी नोंद खोडणे

हाताखालचा पोरगा मागच्या वर्षात शिरून नोंद उडवायला निघाला होता. दिवाणजींनी थांबवलं, आणि बरोबरच केलं: सही झालेला ताळेबंद एक आणि संगणकातला दुसरा, असा घोळ झाला असता. त्यांनी चालू वर्षाच्या किर्दीत मिल नावे आणि ‘मागील वर्षाचे समायोजन’ जमा अशी नोंद केली. रक्कम यंदाच्या खरेदीतून वजा केली असती, तर यंदाचा नफा उगाच फुगला असता.

राहिला आयकर. उत्पन्न 2023-24 चं, पण सुधारित विवरणपत्राची मुदत 31 डिसेंबर 2024 ला संपलेली. म्हणून ITR-U, म्हणजे मुदतीनंतर राहिलेलं उत्पन्न दाखवण्याचं अद्ययावत विवरणपत्र, भरावं लागलं: वाढीव कर, व्याज आणि या दोन्हींच्या बेरजेवर आणखी 25 टक्के. यंदाच्या उत्पन्नातून ती रक्कम वगळायची हे सीएला आवर्जून सांगितलं, नाहीतर तिच्यावर दोनदा कर बसला असता. चूक उलटी असती, म्हणजे नफा जास्त दाखवला गेला असता, तर ITR-U भरून परतावा मागता आला नसता.