परदेशी पाहुण्याने केलेलं कौतुक मामीपर्यंत कसं पोचवावं

देवबाग-तारकर्लीकडच्या घरगुती मुक्कामात स्वयंपाक मामीचा आणि इंग्रजी भाच्याचं. अमेरिकन पाहुणा बांगड्याच्या कालवणाचा पहिला घास घेतो आणि म्हणतो, "अमेझिंग! आयुष्यात खाल्लेलं बेस्ट!" भाच्याने हे जसंच्या तसं मराठीत उतरवलं की मामी गप्प होते. तिला वाटतं, हा आपली टिंगल करतोय, नाहीतर बिलात सूट मागायच्या बेतात आहे. कौतुक खरं असतं, पण मराठीत त्याचं वजन चौपट होतं.

म्हणून आधी पाहुणा कुठला ते लक्षात घ्या आणि कौतुकाचं वजन ठरवा. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या भाषा-अभ्यासकांनी अमेरिकन इंग्रजीतली कौतुकाची शेकडो वाक्यं गोळा केली होती. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच साच्यातली निघाली, हे त्यांनी १९८१ साली मांडलं. तिकडे कौतुक हा बोलण्यातला रोजचा व्यवहार आहे, आपल्या 'या, बसा'सारखा. अशा 'अमेझिंग'ला मराठीत 'मस्त झालंय' पुरतं. फ्रेंच माणसाचं उलट असतं. तो 'वाईट नाही' म्हणाला तर बहुतेक वेळा त्याला जेवण चांगलंच आवडलेलं असतं. ते शब्दशः सांगाल तर मामी ताट उचलून न्यायची. ब्रिटिश पाहुण्याचं 'क्वाइट गुड' मात्र खरोखरच 'बरं आहे' एवढंच असू शकतं. ते उगाच फुगवू नका.

वजन ठरलं की पाहुण्याला विचारा, नेमकं काय आवडलं? ही पायरी कधीही गाळू नये. 'छान'वर आपल्याकडे कोणाचा विश्वास नसतो, जिन्नस ओळखला की बसतो. समजा पाहुणा म्हणाला, "लिंबासारखा वास येतोय आणि जीभ जराशी झिणझिणतेय." हे तिरफळाचं काम. आधी त्याला सांगा की तिरफळं ठेचून कालवणात टाकतात ती वासासाठी, ती चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची. (पाहुणा जपानी असेल तर 'सान्शो' म्हणा, लगेच कळेल. ते तिरफळाच्याच कुळातलं आणि तिकडे भाजलेल्या वामावर भुरभुरवतात.) मग मामीकडे वळून म्हणा, "मामी, तिरफळाचो वास आवडलो त्येंका. भात आणखी व्हयो म्हणतत." भाताचं मात्र पाहुण्याला विचारूनच सांगा. कोकणात परत वाढून घेणं हीच मोठी पावती, पण पानात भात टाकून उठला तर आधीचं सगळं कौतुक पाण्यात.

आता मामी उत्तर देणार आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. ती म्हणणार, "खय काय! आज नारळ कोवळो होतो, रस दाट नाय इलो." हे भाषांतरित केलंत की पाहुणा गोंधळतो. एक तर त्याला खरंच काहीतरी बिघडलंय असं वाटतं, नाहीतर तो 'नाही नाही, खूपच छान आहे' म्हणून मामीची समजूत काढत बसतो आणि ती आणखी अवघडते. स्तुती मान्य करावी आणि स्वतःची बढाईही मारू नये, या दोन्हींची ओढाताण संभाषणाच्या अभ्यासक अनिता पोमरान्त्झ यांनी १९७८ साली इंग्रजी संभाषणांतही दाखवली होती. तरी इंग्रजीत 'थँक यू' म्हटलं की विषय संपतो, आपल्याकडे आधी नाकारावं लागतं. तेव्हा पाहुण्याला एवढंच सांगा, "तुम्हाला आवडलं, तिला बरं वाटलं. अजून घ्या म्हणतेय." नारळाची गोष्ट नंतर, तो कृती विचारेल तेव्हा काढा. जपानी पाहुण्याला मात्र मामीचा नकार आहे तसा सांगितला तरी चालतो. त्यांच्यातही कौतुक झटकायची रीत आहे.

जमलं की नाही ते मामीवरूनच कळतं. सोलकढीचा दुसरा पेला न मागता आला, की समजा पोचलं. "मीठ कमी झाला काय?" असं तिने हळूच तुम्हाला विचारलं, तर कुठेतरी वजन चुकलंय. अशा वेळी पुन्हा 'छान'चा मारा करू नका, एखादा जिन्नस सांगा.

कपड्यांचं त्यामानाने सोपं. मामी पाहुणीच्या झग्याला हात लावून "केवढ्याक घेतलंस?" विचारेल. तिच्या लेखी हे कौतुकच, पण किंमत गाळा आणि "छान आहे, कुठे मिळाला?" एवढंच विचारा. दुसऱ्या वर्षी तीच पाहुणी आली आणि मामी "अंगान बरी भरलंस" म्हणाली, तर त्यातलं अंग अजिबात इंग्रजीत नेऊ नका. "तुझी तब्येत छान दिसतेय" म्हणा. आणि पाहुण्यांनी घरातल्या तान्ह्या बाळाला 'किती सुंदर' म्हटल्यावर आजी तीट लावायला उठली, तर त्यांना लगेच सांगा की ही इथली रीत आहे, राग नव्हे.