अंगणात उजेड हवा, डोळ्यांत नको: बोलार्ड आणि अपलाइट लावताना या चुका टाळा

सोलापुरात नवीन बंगल्याच्या अंगणात दिवे लावायचे म्हटलं की मालक दुपारी दुकानातून बोलार्ड, म्हणजे बुटक्या खांबाचे दिवे, आणतो, वायरमन त्याच दिवशी खड्डे घेतो आणि रात्री बटण दाबल्यावर कळतं की वाट कमी आणि दिवाच जास्त दिसतोय. मग कोणीतरी म्हणतं, "वॉट वाढवा." इथेच काम आणखी बिघडतं. पायरी दिसत नाही ती बहुतेक वेळा उजेड कमी पडल्यामुळे नाही, समोरचा दिवा डोळ्यात जातो म्हणून दिसत नाही. डोळा समोरच्या सगळ्यात प्रखर गोष्टीशी जुळवून घेतो आणि बाकी सगळं काळं पडतं.

उभं राहून उंची ठरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. दुकानात माणूस उभा असतो. तीन फुटी बोलार्डवर टोपी असते, वरून पाहिलं की दिवा झाकलेला दिसतो, आणि तो खूश होऊन घेऊन जातो. पण आपल्याकडे उन्हाळ्याच्या रात्री अंगणात उभं कोण राहतं? सडा मारायचा, सतरंजी टाकायची आणि बसायचं. सतरंजीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण 75 सेंटिमीटरवर असतो, बाजेवर आडव्या झालेल्याचा त्याहून खाली. दिवा 85-90 सेंटिमीटरवर असेल तर ही सगळी मंडळी टोपीच्या खालून थेट दिव्यात बघतात.

विजापूर रोडच्या एका घरात हेच झालं होतं. फाटकापासून अंगणापर्यंत 12 मीटरची, सव्वा मीटर रुंदीची शहाबादी फरशीची वाट, शेवटी दोन पायऱ्या. दोन्ही बाजूंना दर दीड मीटरवर समोरासमोर बोलार्ड, म्हणजे एकूण 18, प्रत्येकी 12 वॉटचे, दुधी काचेचे, चहूबाजूंनी उजेड फेकणारे आणि पांढरे फटक. घरातल्या आजी म्हणाल्या, "बाळा, हे दिवे लावल्यापासून मला पायरीच दिसंना झालीय." मुलगा म्हणत होता की आईचे डोळे कमजोर झालेत, आणखी दोन दिवे पायरीजवळ लावा. म्हाताऱ्या डोळ्याच्या भिंगात उजेड जास्त विखुरतो, मोतीबिंदू धरायला लागला असेल तर फारच. तिथे आणखी दिवे म्हणजे आणखी त्रास.

मी आधी एका बाजूचे सगळे दिवे बंद करून आजींना चालायला सांगितलं. उजेड निम्मा झाला आणि पायरी दिसली. मुलाला तेवढं पुरलं.

नंतर आम्ही सगळे बोलार्ड काढून 60 सेंटिमीटर उंचीचे, वरून बंद आणि आतून पट्ट्यांची जाळी असलेले, 5 वॉटचे, 3000 केल्विनचे पिवळसर दिवे लावले. वाटेच्या एकाच बाजूला पाच. पहिला फाटकापासून 1.2 मीटरवर, मग दर 2.4 मीटरवर एक, शेवटचा पायरीच्या 1.2 मीटर अलीकडे. पायऱ्यांसाठी बोलार्ड नाहीच, पायरीच्या नाकाखाली दडवलेली दिव्यांची बारीक पट्टी. 216 वॉटच्या जागी खांबांचे 25 वॉट आणि ती पट्टी. दोन दिव्यांच्या मध्ये उजेड थोडा मंदावतो, तो मंदावू द्यावा. एकसारखा लख्ख उजेड करायच्या नादात लोक दिवे दाट लावतात आणि सगळी वाट सपाट दिसते.

माझी पद्धत साधी आहे. खड्डा घेण्याआधी रात्री लांब वायर सोडायची, दिवा विटेवर ठेवायचा आणि जिथे घरची माणसं बसतात तिथे जाऊन बसायचं, बाजेवर आडवं व्हायचं. दिव्यातला चिप किंवा काच डोळ्याला दिसली की जागा किंवा उंची चुकली. फरशीवर पाणी मारूनही एकदा बघायचं, कारण ओल्या शहाबादीत दिवा उलटा दिसतो आणि खालून चमक येते. ज्यांना एक रात्र थांबवत नाही त्यांचं काम मी घेत नाही. भरलेलं काँक्रीट फोडणं फार वाईट.

अपलाइट खोडाला चिकटवणं

दुसरी चूक कडुलिंबाखाली. वायरमन अपलाइट, म्हणजे खालून वर उजेड टाकणारा, जमिनीत खुपसायचा स्पाइक लाइट, खोडापासून वीतभर अंतरावर रोवतो आणि सरळ वर करतो. खोडाचा खालचा भाग पांढराफेक पडतो, वरचा पसारा मात्र काळाच. कारण सरळ आहे: अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. शिवाय 24 अंशांच्या कोनात उजेड फेकणारा दिवा 30 सेंटिमीटरवर जेमतेम 13 सेंटिमीटरचा गोळा पाडतो. एवढ्या जागेत सगळा उजेड कोंबला की तिथे चटका दिसणारच.

त्याच घरात कडुलिंबाच्या फांद्या साधारण अडीच मीटरवर फुटत होत्या. दिवा खोडापासून एक मीटर लांब घेतला, 36 अंशांचा, 7 वॉटचा, आणि उभ्या रेषेपासून सुमारे 22 अंश झुकवून मधली धार फांद्या फुटतात तिथे टेकवली. उजेडाची खालची कड खोडावर जवळपास सव्वा मीटरवर लागते, म्हणून बुंधा मंद राहतो, आणि वरची कड जवळजवळ सरळ पानांत जाते. झाड तेव्हा झाडासारखं दिसतं.

दिवा ओसरीच्या बाजूला ठेवला, तोंड झाडाकडे आणि पाठ ओसरीकडे करून. बघणाऱ्याची नजर आणि उजेड एकाच दिशेला गेले तर दिवा दिसत नाही. पण अंगणात पलीकडच्या कट्ट्यावरही माणसं बसतात. त्यांच्यासाठी दिव्याच्या तोंडावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी जाळी आणि वर तिरकी टोपी लागते. जाळीने थोडा उजेड खातो, तेवढा खाऊ द्यावा. जाळी नको म्हणून दिवा खड्ड्यात आणखी खोल बसवणारे आहेत. तसं केल्याने उजेड खड्ड्याच्या कडेलाच अडतो आणि आत पाणी साचतं.

भिंतीचंही तेच. तीन मीटरच्या चुना मारलेल्या भिंतीपासून दिवा 75 ते 90 सेंटिमीटर लांब, रुंद कोनाचा, 3 वॉटचा पुरतो, कारण पांढरी भिंत उजेड परत फेकते. काळ्या दगडाची भिंत असेल तर दिवा वीतभर अंतरावर आणून दगडाचा खडबडीतपणा उठवता येतो, तिथे जवळ आणणं चूक नाही. बोलार्डही पांढऱ्या कंपाउंडला चिकटवू नका, भिंतीवर गोळा पडतो.

एकाच अंगणात पांढरे आणि पिवळे दिवे मिसळू नका. बाहेरच्या दिव्यांना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, हवाच, आणि मातीत टेप गुंडाळलेला जोड अजिबात नको.

काळी माती विसरणं

पुण्यामुंबईचं बघून काम करणारे इथे फसतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या मातीत चार बोटं सिमेंट घालून उभा केलेला बोलार्ड एका पावसाळ्यात कलतो, आणि कलला की टोपीखालून दिवा डोळ्यात यायला लागतो. लोक दिव्याला दोष देतात, खरा दोष पायाचा असतो. मी दीड फूट माती काढतो, तळाला मुरूम धुमसून घेतो, वर काँक्रीटचा ठोकळा, त्यात बोल्ट. तळपट्टी नटवर ठेवतो, म्हणजे पुढे खांब कलला तर नट फिरवून सरळ करता येतो. जमिनीत गाडायचे अपलाइट काळ्या मातीत मी शक्यतो लावत नाही, कारण या मातीतून पाणी लवकर निचरत नाही. लावायचेच असतील तर पाणी आत न शिरणारे, आयपी 67 चे, आणि खाली फूटभर खडी.

परतीचा पाऊस संपला की एका संध्याकाळी लेव्हल घेऊन प्रत्येक खांब तपासा आणि काचेवरचा बोअरच्या पाण्याचा पांढरा थर व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसा. त्या थरावर उजेड विखुरतो आणि जाळी असूनही दिवा डोळ्यात यायला लागतो.