स्लाइडवरचा वर्णपट वाचण्याची तयारी: एक रेणुसूत्र, दोन एस्टर

सांगलीत तिसऱ्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची सत्राअखेरीस मी एक छोटी चाचणी घेतो. पडद्यावर एकच स्लाइड असते. तिच्या वरच्या अर्ध्या भागात इन्फ्रारेड वर्णपट, खालच्या अर्ध्या भागात प्रोटॉन एन.एम.आर. आणि कोपऱ्यात रेणुसूत्र दिलेले असते. वीस मिनिटांत संयुग ओळखायचे आणि प्रत्येक पीक कशाचे ते लिहायचे. उत्तरपत्रिका तपासताना बहुतेक चुका शेवटच्या पायरीवर न दिसता पहिल्या दोन पायऱ्यांवरच दिसतात, म्हणून चाचणीआधी काय तयार ठेवावे आणि स्लाइड समोर आल्यावर कोणत्या क्रमाने काय पाहावे हे येथे एकाच उदाहरणाच्या आधाराने मांडत आहे. उदाहरणाचे रेणुसूत्र C₄H₈O₂ आहे.

साहित्य थोडेच लागते: पेन्सिल, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी आणि स्लाइडची छापील प्रत. प्रत मागायला संकोच करू नये, कारण पडद्यावर उंची मोजता येत नाही आणि फिक्या रेषा प्रोजेक्टरच्या उजेडात पुसल्यासारख्या होतात. पाठांतरही थोडेच पुरते. इन्फ्रारेडचे पाच-सहा पट्टे आणि एन.एम.आर.मधील कार्बोनिलशेजारचा, ऑक्सिजनशेजारचा व साध्या साखळीतला हायड्रोजन साधारण कोठे येतो एवढे पक्के असावे. संपूर्ण तक्ता पाठ करून येणारा विद्यार्थी प्रत्येक लहान खाचेला नाव देत बसतो आणि त्यात वेळ संपतो.

स्लाइड दिसल्यावर आधी अक्ष वाचावेत. इन्फ्रारेडमध्ये डावीकडे ४००० आणि उजवीकडे ४०० किंवा ६०० सेमी⁻¹ असते, आणि उभ्या अक्षावर पारगमनाची टक्केवारी असेल तर पीक खाली झुकलेले दिसते. काही आलेखांत २००० च्या उजवीकडे मोजपट्टी ताणलेली असते. तेथे केवळ अंतर पाहून आकडा काढला तर तो चुकतो. एन.एम.आर.मध्ये शून्य उजव्या टोकाला असते आणि पीपीएम डावीकडे वाढत जाते. दरवर्षी एखादा विद्यार्थी हा अक्ष उलटा वाचतो आणि पुढची सगळी मांडणी नीट करूनही भलत्याच संयुगावर पोहोचतो.

दुसरे काम रेणुसूत्राचे, आणि ते एकाही पीकला हात लावण्याआधी करावे. चार कार्बनांना जास्तीत जास्त दहा हायड्रोजन पेलतात. ऑक्सिजनमुळे हा हिशेब बदलत नाही. आपल्याकडे आठ आहेत, म्हणजे दोन कमी, म्हणजे असंपृक्ततेचा अंश एक. याचा अर्थ रेणूत एक दुहेरी बंध आहे किंवा एक वलय आहे. ‘किंवा’ हा शब्द वहीत लिहूनच ठेवावा, कारण १,४-डायऑक्झेन हे वलयी संयुगही याच रेणुसूत्राचे आहे आणि त्यात कार्बोनिल मुळीच नाही.

आता इन्फ्रारेड. येथे डावीकडून सुरुवात करण्यापेक्षा नजर आधी १६५० ते १८०० या पट्ट्यावर न्यावी, कारण ‘कार्बोनिल आहे की नाही’ या एका उत्तराने अर्धे पर्याय गळतात. आपल्या स्लाइडवर १७४२ ला खोल आणि अरुंद पीक आहे. कार्बोनिल आहे, म्हणजे असंपृक्ततेचा एक अंश तेथेच खर्च झाला. आता वलय नाही, दुसरा दुहेरी बंध नाही, आणि डायऑक्झेनही बाद. १७४२ हा आकडा साध्या कीटोनच्या १७१५ पेक्षा वरचा आणि संपृक्त एस्टरला शोभणारा आहे. मात्र केवळ आकड्यावर एस्टर म्हणू नये. कार्बॉक्सिलिक आम्ल असते तर सुमारे २५०० पासून ३३०० पर्यंत पसरलेला, सी-एच पीकांना गिळून टाकणारा रुंद पट्टा दिसला असता. तो नाही, म्हणून ब्युटॅनॉइक आम्लही वगळावे. याउलट १२४१ आणि १०४७ ला कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंधाचे दोन जोरकस पट्टे आहेत. कार्बोनिल आणि हे पट्टे एकत्र आले की एस्टर म्हणता येते. ॲसिटेट एस्टरांत यांपैकी पहिला पट्टा १२४० च्या आसपास येतो, तर इतर साध्या संपृक्त एस्टरांत तो सहसा त्याच्या खाली, १२१० ते ११६० च्या दरम्यान असतो. हा पुरावा नसून केवळ इशारा आहे; तो समासात टिपून पुढे जावे.

याच आलेखावर ३४६० च्या जवळ एक लहानशी खाच आहे आणि ती पाहून किमान चौघे तरी ‘अल्कोहोल’ लिहितात. ती कार्बोनिलच्या कंपनाची दुसरी पट आहे: १७४२ ची दुप्पट ३४८४, आणि प्रत्यक्षात ती त्याहून किंचित खाली येते. खऱ्या ओ-एच गटाचा पट्टा हायड्रोजन बंधांमुळे रुंद आणि ठसठशीत असतो. ही खाच अरुंद आणि अशक्त आहे. शिवाय दोन ऑक्सिजनांपैकी एक कार्बोनिलात आणि दुसरा एस्टरच्या एकेरी बंधात गेल्यावर अल्कोहोलसाठी ऑक्सिजन उरतोच कोठे, हा प्रश्न स्वतःला विचारला की चूक जागीच थांबते. घन नमुन्याच्या आलेखात मात्र ३४०० च्या आसपासचा रुंद पट्टा ओलाव्याचाही असू शकतो. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत, त्यातही साताऱ्याच्या घाटमाथ्याकडे, पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी पाहता पाहता पाणी धरते. अशा वेळी १६४० जवळ पाण्याचाच दुसरा पट्टा दिसतो का ते पाहावे. २३५० जवळची जोडखाच हवेतील कार्बन डायऑक्साइडची असते. तिला नाव देण्यात वेळ घालवू नये. १५०० च्या उजवीकडची उरलेली गर्दी सोडून द्यावी.

एन.एम.आर.कडे वळल्यावर पहिली कृती खोडण्याची. शून्यावरचे पीक टी.एम.एस.चे, ७.२६ चे क्लोरोफॉर्मचे आणि १.५६ जवळची लहान रेघ असली तर ती द्रावकातील पाण्याची. ही तिन्ही पेन्सिलीने खोडावीत. ७.२६ पाहून बेंझीन वलय लिहिणाऱ्याने असंपृक्ततेचा अंश केवळ एक होता हे आठवावे. बेंझीन वलयाला चार लागतात.

खोडून उरतात तीन पीकसमूह: ४.१२, २.०४ आणि १.२६. आता पट्टी घ्यावी आणि प्रत्येकावरच्या इंटिग्रेशनच्या पायरीची उंची मोजावी. छापील प्रतीवर त्या अनुक्रमे २२, ३३ आणि ३३ मिलिमीटर भरतात. बेरीज ८८, हायड्रोजन आठ, म्हणून एका हायड्रोजनला ११ मिलिमीटर. दोन, तीन, तीन. इंटिग्रेशन केवळ गुणोत्तर सांगते, प्रत्यक्ष संख्या रेणुसूत्राकडून येते. सूत्र दिलेले नसते तर चार, सहा, सहा असेही मांडता आले असते. पीकच्या टोकाची उंची मोजू नये. तेवढेच हायड्रोजन चार रेषांत वाटले गेले की टोके बुटकी होतात, त्यामुळे ४.१२ चा समूह दिसतो त्याहून मोठा असतो.

रेषा मोजताना प्रोजेक्टर फसवतो. क्वार्टेटमधील रेषांच्या उंचीचे प्रमाण एकास तीन, तीन, एक असते; बाहेरच्या दोन रेषा फिक्या पडल्या की क्वार्टेट डबलेटसारखा दिसतो. म्हणून स्लाइडवर मोठा करून दाखवलेला तुकडा असेल तर तोच वाचावा. आपल्या आलेखात ४.१२ ला चार रेषा, १.२६ ला तीन आणि २.०४ ला एकच आहे. दोन्ही समूहांत शेजारच्या रेषांमधले अंतर ०.०१८ पीपीएम आहे. यंत्र ४०० मेगाहर्ट्झचे असल्याने ते सुमारे ७ हर्ट्झ होते. दोन्हीकडे अंतर सारखे आले, म्हणून हे दोन समूह एकमेकांचे शेजारी आहेत असे धरता येते: तीन शेजाऱ्यांमुळे दोन हायड्रोजनांच्या चार रेषा, दोन शेजाऱ्यांमुळे तीन हायड्रोजनांच्या तीन. इथाइल गट हाती लागला. उरलेला सिंग्लेट शेजारी नसलेल्या मिथाइलचा.

येथे पोहोचताच उत्तर लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि ही चाचणी याच जागेसाठी बेतलेली आहे. इथाइल गट, एकटे मिथाइल आणि मधला एस्टरगट यांची जोडणी दोन प्रकारे होते. इथाइल ऑक्सिजनकडे आणि मिथाइल कार्बोनिलकडे असेल तर इथाइल ॲसिटेट. उलट असेल तर मिथाइल प्रोपॅनोएट. दोन्हींचे रेणुसूत्र तेच, इंटिग्रेशन तेच, रेषांची संख्या तीच, आणि कार्बोनिलचा आकडाही जवळपास तोच. ‘ट्रिप्लेट, क्वार्टेट, सिंग्लेट, म्हणून इथाइल ॲसिटेट’ असे लिहिणाऱ्याचे नाव बरोबर आले तरी मी अर्धेच गुण देतो, कारण त्याच कारणमीमांसेने त्याने मिथाइल प्रोपॅनोएटलाही इथाइल ॲसिटेटच म्हटले असते.

निर्णय जागेवर होतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो, त्यामुळे त्याला थेट जोडलेल्या कार्बनवरच्या हायड्रोजनांभोवतीचे आवरण विरळ होते आणि त्यांचे पीक ३.६ ते ४.२ च्या टापूत सरकते. कार्बोनिलशेजारच्या हायड्रोजनांचे पीक २ ते २.४ मध्येच राहते. म्हणून प्रश्न एवढाच विचारावा की ऑक्सिजनजवळ कोण आहे, क्वार्टेट की सिंग्लेट. आपल्या स्लाइडवर क्वार्टेट ४.१२ ला आणि सिंग्लेट २.०४ ला आहे, तेव्हा इथाइल ॲसिटेट. मिथाइल प्रोपॅनोएट असते तर सिंग्लेट ३.६७ ला गेला असता आणि क्वार्टेट २.३ च्या आसपास उतरला असता. समासात टिपलेला १२४१ चा इशाराही आता जुळतो. फॉर्मेट एस्टरचा विचार कोणाच्या मनात आला तर ८ पीपीएमजवळ एका हायड्रोजनचे पीक नाही एवढे पाहून तो सोडावा.

शेवटी उत्तराच्या रचनेवरून उलटा वर्णपट काढून पाहावा: किती समूह, कोठे, किती रेषांचे, किती हायड्रोजनांचे. एक जरी पीक बिनमालकाचे उरले किंवा एक जरी हायड्रोजन जास्त झाला तरी नाव खोडावे.

इथाइल ॲसिटेटचे हे तीन आकडे मी पाठ करायला लावतो, त्यामागे हळद आहे. सांगलीत प्रकल्पाचा विषय निवडायचा म्हटले की निम्मे गट कुर्क्युमिनकडे वळतात आणि ते शुद्ध करताना स्तंभात बहुधा इथाइल ॲसिटेट वापरतात. एका विद्यार्थिनीच्या आलेखात कुर्क्युमिनच्या पीकांखेरीज ४.१२, २.०४ आणि १.२६ ही त्रयी होती आणि तिने कुर्क्युमिनला एक इथाइल गट बहाल केला होता. कुर्क्युमिनच्या दोन मेथॉक्सी गटांचे सहा हायड्रोजन ३.९५ ला सिंग्लेट देतात. त्याचे इंटिग्रेशन ६.०० धरले तेव्हा २.०४ चे ०.९० आले. तीन हायड्रोजनांना ०.९०, म्हणजे कुर्क्युमिनच्या एका रेणूमागे ०.३ रेणू. रेणूचाच भाग असता तर हा आकडा पूर्णांकात आला असता, म्हणजे तो न उडालेला द्रावक होता. इथाइल ॲसिटेटचा रेणुभार ८८ आणि कुर्क्युमिनचा ३६८ धरून वजनात तो पावणेसात टक्क्यांच्या जवळ जातो. वहीत ४०० मिलिग्रॅम कुर्क्युमिन अशी नोंद होती. त्यातले सुमारे २७ मिलिग्रॅम इथाइल ॲसिटेट होते.