ओव्हरक्लॉक करून गेमच्या ‘रेकमेंडेड’पर्यंत पोचता येतं का?

उत्तर आधी देतो. फरक पाच-सहा टक्क्यांचा असेल तर हो, तीस टक्क्यांचा असेल तर नाही. ‘फुकटात एफपीएस’ सांगणारे व्हिडिओ हा हिशेब कधीच मांडत नाहीत.

उदाहरणाला जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड घ्या, आणि समोर सायबरपंक २०७७ हा गेम. २.० अपडेटनंतर या गेमचं रेकमेंडेड कार्ड आहे आरटीएक्स २०६० सुपर. त्यात २१७६ कोर आणि ८ जीबी मेमरी, आपल्यात १४०८ कोर आणि ६ जीबी. ओव्हरक्लॉकने क्लॉक वाढतो, पण कोर आणि जीबी आहेत तेवढेच राहतात. खेळताना १९०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या कार्डाला १०० वाढवून दिले की साधारण पाच टक्के झाले. ५० एफपीएसचे ५२-५३ होतील. पण सेटिंग थोड्या उतरवून तुम्ही ५७ वर आला असाल आणि ६० हवे असतील, तर मात्र ही मेहनत कामाची आहे.

सुरुवात मोजमापाने करा. गेममधलाच बेंचमार्क तीनदा चालवून सरासरी लिहून ठेवा. तेव्हा जीपीयूचा वापर ९७-९९ टक्के दिसला तरच पुढे जा. ७० टक्क्यांवर घुटमळत असेल तर बहुतेक अडसर प्रोसेसरचा असतो, कार्ड ओढून काही मिळणार नाही.

प्रोसेसरचं थोडक्यात. आय५-१२४००एफसारख्या लॉक्ड, म्हणजे क्लॉक वाढवू न देणाऱ्या चिपचा नाद सोडा. रायझन ५ ५६००ला बायोसमधून जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झ वर देता येतात, तेही ४४०० वर, म्हणजे पाच टक्क्यांच्या आतच. त्याआधी टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग बघा. ३२००ची रॅम २१३३ वर किंवा २४०० वर चालत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या खऱ्या वेगावर आणणारी सेटिंग, चालू करा. दुकानातून जुळवून आणलेल्या पीसीत हे राहून गेलेलं मी फार वेळा पाहिलंय.

आता कार्ड. एमएसआय आफ्टरबर्नर उघडा, `Power Limit` जेवढं सरकतं तेवढं सरकवा, `Core Clock` +५० करा आणि नंतर २५-२५ने वाढवा. मेमरी शेवटी, +३०० पासून.

इथपर्यंत कोणालाही जमतं. अवघड आहे ते ‘हे टिकतंय का’ हे ठरवणं. माझा सगळा वेळ इथेच गेला. लोक फरमार्क हा कार्डावर ताण टाकणारा प्रोग्रॅम अर्धा तास चालवतात आणि ‘स्टेबल’ म्हणून मोकळे होतात. ही परीक्षाच चुकीची आहे. फरमार्कमध्ये कार्ड पॉवर लिमिटला लगेच टेकतं आणि क्लॉक खाली आणतं, म्हणजे तुम्ही दिलेला सर्वात वरचा क्लॉक तिथे कधी तपासलाच जात नाही. तो लागतो हलक्या दृश्यात, मेनूत, लोडिंगनंतरच्या पहिल्या क्षणात. म्हणून गेम अर्धा तास नीट चालतो आणि नकाशा उघडला की बंद पडतो. खरी तपासणी म्हणजे तोच गेम दोन तास, मध्ये मेनू, नकाशा, फास्ट ट्रॅव्हल करत. बंद पडला की इव्हेंट व्ह्यूअर बघा. तिथे `nvlddmkm` दिसलं तर कोर २५ने खाली. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चमकणारे त्रिकोण आले तर बहुधा मेमरी जास्त झाली. प्रत्येक पायरीला बेंचमार्क पुन्हा घ्या. आकडा वाढायचा थांबला तर तुम्हीही थांबा. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत `Apply overclocking at system startup` चालू करू नका.

त्यात आपलं नागपूर. एनव्हिडियाचं कार्ड तापत गेलं की १५-१५ मेगाहर्ट्झने क्लॉक स्वतःच उतरवतं, आणि तापलेल्या चिपला त्याच व्होल्टेजवर तोच क्लॉक जड जातो. डिसेंबरात ६२ अंशांवर चाललेलं +१२५ मे महिन्यात, कुलर चालू असूनही खोली ३५ अंशांवर असताना, ७८ अंशांवर मान टाकतं. त्यामुळे शेवटची तपासणी उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजताच करायची. कॅबिनेट कुलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या हवेत पाणी असतं आणि धूळ ओली होऊन फिनांना चिकटते.

आफ्टरबर्नरमध्ये प्रोफाइलचे पाच खण आहेत. पहिल्यात हिवाळ्याचे आकडे साठवा, दुसऱ्यात उन्हाळ्याचे, कोरला दिलेली वाढ निम्मी आणि पंखा जोरात. आणि हे सगळं करूनही ६० ला दोन-चार कमी पडत असतील तर गेममध्ये `Screen Space Reflections Quality` एक पायरी खाली आणा. तेवढ्याने बहुतेक वेळा अख्ख्या ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त मिळतं.