पटकथेचं पान आणि पडद्यावरचं मिनिट: या चुका टाळा

नाशिकच्या एका मित्राने लघुपटाची पटकथा वाचायला दिली. "आठ पानं, म्हणजे आठ मिनिटं," असा त्याचा हिशेब. घड्याळ लावून, हालचालींना डोळ्यांसमोर वेळ देत वाचली, तर बारा मिनिटं झाली. घोळ तिसऱ्या पानावर सापडला:

'रामकुंडावर आरती चालू आहे. गर्दीत आजीच्या हातून नातवाचा हात सुटतो. ती घाटभर शोधते. तो चहाच्या टपरीवर सापडतो.'

कागदावर दोन ओळी, पडद्यावर दीड-दोन मिनिटं. 'घाटभर शोधते' या दोन शब्दांत आख्खा प्रसंग दडपलाय. शिवाय जागा बदलली तरी स्लगलाइन बदललेली नाही. आत की बाहेर, कुठे आणि कोणत्या वेळी, एवढं स्लगलाइन सांगते आणि सहायक दिग्दर्शक तिच्यावरूनच शूटिंगचं वेळापत्रक लावतो. इथे टपरी त्याच्या यादीत येणारच नाही. आम्ही सुरुवात अशी बदलली:

```
बाह्य. रामकुंड, पायऱ्या – संध्याकाळ

आरतीच्या ज्योती. घंटांचा गजर.
गर्दीचा लोंढा येतो. आजीच्या मुठीतून
छोटा हात निसटतो.

आजी वळते. नुसते पाय, पिशव्या, छत्र्या.

बाह्य. घाटाजवळची गल्ली – संध्याकाळ

आजी एकेका दुकानात डोकावते.
```

साधारण एक शॉट दिसेल तिथे नवा परिच्छेद, वर्तमानकाळ, तीन-चार ओळींच्या आत. मग कागदावरची जागा पडद्यावरच्या वेळेच्या जवळपास येते.

उलटी चूकही होते. 'आजीला माहेरचे दिवस आठवतात, आपण आता थकलो असं तिला वाटतं' ही ओळ जागा खाते, पण कॅमेऱ्याला दाखवायला काहीच देत नाही. मला तर ही चूक जास्त खटकते, कारण लिहिताना ती सुंदर वाटते.

एक पान म्हणजे एक मिनिट हा अंदाज मुळात कुरिअर फॉन्टच्या 12 पॉइंटवर बसवलेला आहे: इंचात 10 अक्षरं, इंचात 6 ओळी, डावीकडे दीड इंच समास, बाकी बाजूंना सुमारे एक इंच. संवाद अरुंद पट्ट्यात येतात, म्हणून पानावर शब्द कमी मावतात आणि बोलायला लागणाऱ्या वेळेशी ते जुळतं. हे माप अमेरिकी लेटर कागदाचं. आपला ए4 त्याहून थोडा लांब, त्यात तीन-चार ओळी जास्त बसतात. आणि कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळे सॉफ्टवेअर दुसराच फॉन्ट घालतं आणि हिशेब हलतो.

म्हणून मराठीत स्वतःचं माप काढावं. संवादाची, हालचालींची आणि मिश्र अशी पाच-सहा पानं मोठ्याने वाचा, एकूण वेळेला पानांनी भागा. एकेक पान मात्र मोजू नका: मारामारीचं पान वेगळं, भांडणाचं वेगळं. सरासरी लांब पटकथेतच खरी उतरते.

मित्राची नवी पटकथा साडेदहा पानांची झाली. त्याच्या फॉन्टमध्ये पानाला सव्वा मिनिट पडतंय, म्हणजे लघुपट तेरा मिनिटांचा. आता तो टपरीचा प्रसंग कापायचा का, यावर वाद चालू आहे.